भाषणं, वेबिनार, पॅनल प्रोफाइलवर कसे मांडायचे: ताईच्या २३ ओळींच्या यादीवरून

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, निफाड-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागांना पीक संरक्षणाचा सल्ला देते. अठरा वर्षं झाली तिला यात, बागेत शिरून पान उलटं केलं की डाऊनी हा बुरशीचा रोग किती दिवसांचा आहे ते सांगते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो तर म्हणाली, अरे माझं लिंक्डइन बघ ना जरा, एवढी भाषणं टाकलीत पण एकाही निर्यातदाराचा फोन नाही. मी स्वतः शेतीमाल निर्यात करणाऱ्या कंपन्यांसाठी माणसं शोधायचं काम करतो, रोज वीस-पंचवीस प्रोफाइल डोळ्याखालून जातात, त्यामुळे उघडल्या उघडल्या कळलं काय झालंय ते. ‘वक्ता’ या नावाखाली २३ ओळी होत्या, आणि त्या सगळ्या अशा:

"Webinar on Grapes, 2020. Guest speaker, Agri event. Panel discussion, Nashik. National webinar, certificate received."

आता मी वाचणारा म्हणून काय करू यातलं? कुठला वेबिनार, कोणी बोलावलं, ताई बोलली की नुसती ऐकायला बसली, काहीच कळत नाही. आणि जे कळत नाही ते माझ्यासारखा माणूस धरत नाही, सोडून देतो. ज्या बाईचं तासभर बोलणं ऐकून शेतकरी फवारणीचं वेळापत्रक बदलतात तिची यादी कोणी वाचतसुद्धा नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून सगळी यादी परत केली. तेच इथं क्रमानं लिहितोय. तुमचं क्षेत्र वेगळं असेल, पायऱ्या याच.

आधी चाळणी: बोललात कुठे आणि बसलात कुठे

पहिलं काम प्रोफाइल उघडायचं नाही, वही उघडायची. (एक्सेल किंवा गूगल शीट असेल तर आणखी बरं.) ताईला म्हटलं, एकेक ओळ वाच आणि सांग, इथं माईक तुझ्या हातात होता का? तर २३ पैकी ११ ओळी नुसत्या हजेरीच्या निघाल्या. लॉकडाऊनमध्ये आठवतंय ना, प्रत्येक कॉलेजचा ‘राष्ट्रीय वेबिनार’ असायचा, शेवटी गूगल फॉर्म भरला की मेलवर रंगीत ई-सर्टिफिकेट यायचं, तीच सगळी. त्यात खोटं काही नाही पण ते ऐकल्याचं सर्टिफिकेट आहे, बोलल्याचं नाही. सर्टिफिकेटवर ‘सहभाग’ किंवा `participated` लिहिलं असेल तर ते या यादीत नको. वक्त्याला जे मिळतं त्यावर ‘साधन व्यक्ती’, ‘प्रमुख वक्ता’, `Resource Person` असं काहीतरी असतं, किंवा साधं आभारपत्र असतं.

या दोन्हींची सरमिसळ झाली की नुकसान जास्त होतं, कारण वाचणारा सगळ्यात आधी उघडतो ती एकच लिंक असते, आणि ती जर हजेरीची निघाली तर बाकीच्या बावीस ओळींवरचाही विश्वास जातो. मी स्वतः असंच करतो, खोटं कशाला सांगू.

उरल्या १२. त्यातल्या ३ ओळींचं ताईलाच नीट आठवेना, ‘कुठल्यातरी मेळाव्यात बोलले होते, बहुतेक २०१६’. ना पत्रिका ना फोटो ना आयोजकाचा नंबर. त्या काढून टाकल्या, तिला जड गेलं पण काढल्या. मग राहिल्या ९: दोन कृषी महाविद्यालयातली अतिथी व्याख्यानं, एक पॅनल, तीन वेबिनार, दोन निर्यातदार कंपन्यांच्या आतल्या ट्रेनिंगा, आणि एक औषध कंपनीचा शेतकरी मेळावा. या शेवटच्या तिघांचं प्रकरण वेगळं आहे, पुढे येतंच.

पुरावा गोळा करा, तोही आठवड्याच्या आत

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर हळहळतात. ताईचा सगळ्यात चांगला वेबिनार जुलै २०२० चा, एका शेतकरी गटानं ठेवला होता, झूमवर आणि सोबत फेसबुक लाइव्हवर. तिनं लिंक जपून ठेवली होती. उघडली तर व्हिडिओ गायब. झालं असं की फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकनं नियम बदलला, नवीन लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच राहतो आणि मग आपोआप जातो, आणि जुने लाइव्हसुद्धा पेजवाल्यांना आधी नोटीस देऊन, डाउनलोड करायला ९० दिवस देऊन काढायला घेतले. गटाच्या पेजवरची नोटीस कोणी बघितलीच नाही. नशीब एवढंच की गटातल्या एका मुलानं झूमचं रेकॉर्डिंग स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवलं होतं, ते मागून घेतलं. दिवाळीत त्या मुलाच्या घरी फराळ खात पेनड्राइव्हवर कॉपी होईपर्यंत बसलो होतो आम्ही.

म्हणून भाषण झालं की त्याच आठवड्यात एवढं करून टाका. आमंत्रणाचा मेल किंवा व्हॉट्सअॅप मेसेज पीडीएफ करून ठेवा, कार्यक्रमपत्रिका ठेवा ज्यात तुमचं नाव, विषय आणि वेळ छापलीय, एक फोटो ठेवा ज्यात मागचा बॅनर वाचता येतो, आणि रेकॉर्डिंग कोणाकडे आहे ते त्याच दिवशी विचारून मूळ फाइल मागा, लिंक नको फाइलच मागा. आयोजकांच्या वेबसाइटवर कार्यक्रमाचं पान असेल तर त्याचा पत्ता `web.archive.org/save` इथं टाकून एक प्रत साठवून घ्या, कारण पुढच्या वर्षी तेच पान नवीन कार्यक्रमासाठी पुसून वापरतात. (फेसबुक आणि व्हिडिओची पानं तिथं नीट साठत नाहीत, त्यावर अवलंबून राहू नका.)

एक बारीक गोष्ट. व्हॉट्सअॅपवर फिरलेलं पोस्टर हा बोलावल्याचा पुरावा आहे, बोलल्याचा नाही. पावसामुळे रद्द झालेल्या मेळाव्यांचीही पोस्टरं असतातच की. म्हणून पोस्टर एकटं कधी ठेवू नका, सोबत कार्यक्रमानंतरचं काहीतरी हवं, आभारपत्र, बातमीचं कात्रण, फोटो, काहीही.

फाइलींना नावं देताना तारीख आधी ठेवली की सगळं आपोआप ओळीनं लागतं. ताईच्या फोल्डरमध्ये आता असं दिसतं:

```
2020-07-18_डाऊनी_वेबिनार_रेकॉर्डिंग.mp4
2020-07-18_डाऊनी_वेबिनार_आमंत्रण.pdf
2023-08-05_रेसिड्यू_पॅनल_पत्रिका.pdf
2023-08-05_रेसिड्यू_पॅनल_फोटो.jpg
```

आणि शीटमध्ये प्रत्येक भाषणाला एक ओळ: तारीख, विषय जसाच्या तसा, आयोजक, भूमिका, भाषा, किती मिनिटं, समोर कोण होतं, लिंक, आणि आयोजकातल्या कोणाला फोन केला तर तो ‘हो, आल्या होत्या’ म्हणेल. हा शेवटचा रकाना प्रोफाइलवर जात नाही, पण मी एखाद्याला पुढे पाठवताना विचारतोच, आणि ज्याच्याकडे तो तयार असतो त्याचं काम सोपं होतं.

ओळ लिहायची कशी

आता खरी गोष्ट. ताईच्या मूळ ओळीत होतं ‘Panel discussion, Nashik’. मी विचारलं, काय झालं तिथं सांग. तर म्हणाली, अरे चौघं होतो, पाऊण तासाचं होतं, सूत्रसंचालकानं मला विचारलं की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तर युरोपच्या मालात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उर्वरित अंश, न वाढवता डाऊनी कशी धरायची, त्यावर मी आठ-दहा मिनिटं बोलले, पोंग्यापासूनच सुरुवात करा, आंतरप्रवाही औषध एकच एक मारत बसू नका, शेवटची फवारणी ते काढणी यामधला काढणीपूर्व कालावधी मागून मोजत या, असं. मी म्हटलं अगं हेच तर लिहायचंय!

कारण पॅनलवर चार माणसं असतात, तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, वाचणाऱ्याला पॅनल कशावर होतं यापेक्षा तुम्हाला काय विचारलं ते जास्त कामाचं. लोक विषय तज्ज्ञालाच विचारतात, तेव्हा प्रश्न लिहिला की तज्ज्ञता वेगळी सांगावी लागत नाही. तर शेवटी ओळ अशी झाली (आयोजकांचं नाव इथं मी गाळलंय, प्रोफाइलवर ते पूर्ण आहे):

"पॅनल सदस्य, ‘निर्यातक्षम द्राक्षातील उर्वरित अंश’, आयोजक अमुक, नाशिक, ऑगस्ट २०२३. माझ्याकडे आलेला प्रश्न: छाटणीनंतर पाऊस लांबल्यास काढणीपूर्व कालावधी सांभाळून डाऊनीचं नियंत्रण. श्रोते: बागायतदार आणि पॅकहाउसचे गुणवत्ता अधिकारी. मराठीत, ४५ मिनिटं. पत्रिका जोडली आहे."

भूमिका, विषय, कोणी, कुठे, कधी, समोर कोण. एवढं आलं की ओळ पूर्ण. विशेषणं एकही नाही बघा त्यात, आणि तरी ही बाई काय जाणते ते कळतं.

भूमिकेचा शब्द पत्रिकेत छापलाय तोच घ्या. पत्रिकेत ‘मार्गदर्शक’ असेल तर ‘बीजभाषण’ लिहायचं नाही, बीजभाषण म्हणजे परिषदेचं मुख्य भाषण, ते एक किंवा दोनच असतात आणि पत्रिका उघडली की लगेच दिसतं कोणाचं होतं ते. सूत्रसंचालन केलं असेल तर सूत्रसंचालन लिहा, त्याला कमी समजू नका, चार तज्ज्ञांना योग्य प्रश्न विचारायला विषय चांगलाच यावा लागतो. तसंच झूमवर दुबईचे दोघं जॉइन झाले म्हणून कार्यक्रम आंतरराष्ट्रीय होत नाही. आणि टेडएक्स असेल तर टेडएक्सच लिहा, टेड नाही, कारण टेडएक्स हे टेडच्या परवान्यावर स्थानिक लोक स्वतंत्रपणे भरवतात, दोन्ही वेगळे आहेत आणि माहिती असणाऱ्याला तो एक एक्स गाळलेला खटकतो.

श्रोत्यांचा आकडा द्यायचा की नाही? ताईच्या जुन्या ओळीत ‘३०० शेतकरी’ होतं. विचारलं कुठून आला आकडा, तर गूगल फॉर्मवर नोंदणी तेवढी होती. झूमच्या रिपोर्टमध्ये प्रत्यक्षात हजर १३० च्या आसपास. आम्ही लिहिलं ‘सुमारे १३० उपस्थित’. नोंदणी, उपस्थिती आणि व्ह्यूज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, जी लिहाल तिचं नाव सोबत लिहा. आणि खरं सांगू का, आकड्यापेक्षा समोर कोण होतं ते माझ्यासारख्याला जास्त महत्त्वाचं वाटतं. पॅकहाउसचे तीस गुणवत्ता अधिकारी समोर असणं ही तिच्या कामासाठी हजार लोकांच्या सभेपेक्षा मोठी गोष्ट आहे.

भाषेबद्दल ताईला संकोच होता, मराठीत बोलले हे लिहू का म्हणून. लिहायचंच! निर्यातदाराला नेमकी अशीच व्यक्ती हवी असते जी युरोपचे नियम वाचते आणि ते बागेत उभं राहून शेतकऱ्याला मराठीत समजावते. प्रोफाइल इंग्रजीत असेल तर ओळ इंग्रजीत लिहा पण भाषणाचं मूळ मराठी नाव तसंच ठेवा आणि पुढे त्याचा अर्थ द्या, म्हणजे पत्रिकेशी ताडून बघता येतं.

लिंक्डइनवर नक्की कुठे टाकायचं

इथं नवीन माणूस हमखास चुकतो, कारण लिंक्डइनवर भाषणांसाठी वेगळा रकानाच नाही. `Add profile section` दाबलं की प्रकाशनं, प्रोजेक्ट, पुरस्कार, स्वयंसेवा सगळं दिसतं, भाषण दिसत नाही. मग कोणी पुरस्कारात टाकतं, कोणी सर्टिफिकेटमध्ये, कोणी कुठेतरी.

मी सुचवतो ते असं. दोन-तीनच भाषणं असतील तर `Projects` मध्ये एकेक टाका, तिथं महिना-वर्ष, वर्णन आणि फाइल जोडायची सोय आहे, आणि कुठल्या नोकरीशी जोडलेलं आहे तेही निवडता येतं. चार-पाचच्या वर गेली की `Experience` मध्ये एकच नोंद करा, ‘वक्ता व प्रशिक्षक, द्राक्ष पीक संरक्षण’, आणि वर्णनात भाषणांच्या ओळी. `Publications` मध्ये फक्त तेव्हाच टाका जेव्हा परिषदेच्या कार्यवृत्तात तुमचा लेख खरोखर छापून आलाय.

आता यातली मोठी चूक सांगतो, ताईकडूनही झाली होती. `Experience` भरताना कंपनीचं नाव विचारतात, तिथं तिनं ज्या संस्थेनं बोलावलं तिचं नाव टाइप केलं, खाली यादीत लोगोसकट नाव आलं, तिनं निवडलं. झालं, लिंक्डइनच्या हिशोबानं ती त्या संस्थेची कर्मचारी झाली, तिच्या प्रोफाइलवर त्यांचा लोगो, आणि त्यांच्या पानावर माणसांच्या यादीत ताईचं नाव. एका तासाच्या व्याख्यानावर. तिच्या मनात तसं काहीच नव्हतं पण बघणाऱ्याला हे नोकरीचा खोटा दावा वाटतो आणि संस्थेलाही आवडत नाही. तर तिथं `Employment type` मध्ये `Self-employed` किंवा `Freelance` निवडायचं, कंपनीच्या जागी स्वतःच्या सल्लासेवेचं नाव किंवा नुसतं `Self-employed`, आणि बोलावणाऱ्या संस्थांची नावं खाली वर्णनात. अशी वेगळी नोंद केल्याचा आणखी एक फायदा, आयोजकांकडून शिफारस मागताना ती याच नोंदीला जोडता येते.

वर्णनाला २००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जात असल्यानं ती वाटते त्याच्या आत भरते. शिवाय मोबाइलवर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला दाबावं लागतं. म्हणून तारखेचा क्रम सोडा आणि ज्या कामासाठी लोकांनी तुम्हाला शोधावं असं वाटतं त्या विषयाची ओळ सगळ्यात वर ठेवा. ताईच्या बाबतीत रेसिड्यूचं पॅनल वर गेलं, कारण तिला निर्यातदार हवेत. कॉलेजची व्याख्यानं खाली, दोन्ही मिळून एका ओळीत.

बदल करायच्या आधी `Notify network` बंद करा, नाहीतर तुम्ही नोंदी लावत-काढत असताना ‘नवीन नोकरी’ समजून लोक अभिनंदन करत बसतात.

`Featured`: एकच व्हिडिओ, आणि तोही योग्य मिनिटाला

प्रोफाइलच्या वरच्या भागात `Featured` येतं, तिथं लिंक, फाइल किंवा पोस्ट लावता येते. इथं एक व्हिडिओ आणि एक पीडीएफ पुरे. पण दीड तासाचा वेबिनार तसाच लावू नका, पहिली दहा मिनिटं ‘आवाज येतोय का, माईक म्यूट करा’ आणि मान्यवरांचा परिचय यात जातात आणि बघणारा तोवर निघून जातो. ताईच्या रेकॉर्डिंगमध्ये खरा मुद्दा २३ मिनिटं १५ सेकंदांवर सुरू होतो, तिथं एका शेतकऱ्यानं पानाचा फोटो दाखवून विचारलंय आणि ती त्या फोटोवरून तेलकट डाग आणि खालची पांढरी बुरशी यांचा संबंध समजावते. तेच दाखवायचं. गटाच्या परवानगीनं व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि लिंकच्या शेवटी सेकंद जोडले, २३ गुणिले ६० अधिक १५ म्हणजे १३९५:

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=1395
```

यूट्यूबच्या शेअर बटणाखाली `Start at` वर टिक केली तरी हेच होतं. लिंक लावली की तिचं शीर्षक बदलता येतं, तिथं व्हिडिओचं लांबलचक नाव राहू न देता ‘डाऊनीचं पान ओळखणं, शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर, मराठी’ असं लिहिलं. लावून झाल्यावर दुसऱ्याच्या मोबाइलवरून, लॉगिन न करता, लिंक उघडून बघा. व्हिडिओ `Private` राहिलेला असतो आणि आपल्याला आपल्या फोनवर तो छान दिसतो, त्यामुळे कळतच नाही. गूगल ड्राइव्हच्या पीडीएफचंही तेच, समोरच्याला ‘परवानगी मागा’ असं पान येतं.

परवानगीवरून आठवलं, वेबिनारमध्ये शेतकऱ्यांचे चेहरे, नावं, कधी मोबाइल नंबरसुद्धा चॅटमध्ये दिसतात. चढवण्याआधी तेवढा भाग कापा किंवा झाकून टाका. आम्ही चॅटची पट्टी पूर्ण कापली.

जुन्या भाषणावर तारीख आणि टीप

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि याकडे कोणी बघत नाही. जुलै २०२० च्या त्या वेबिनारमध्ये ताईनं मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा उल्लेख केला होता, त्या वेळी ते ठीकच होतं. पण डिसेंबर २०२० मध्ये युरोपियन युनियननं मॅन्कोझेबच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं. आता निर्यातदाराकडचा एखादा गुणवत्ता अधिकारी आज तो व्हिडिओ बघेल आणि म्हणेल, या बाईंना एवढंही माहीत नाही? म्हणजे जो व्हिडिओ तज्ज्ञता दाखवायला लावला तोच उलटा पडायचा.

काढून टाकायची गरज नव्हती, कारण पान ओळखण्याचा भाग अजून शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही दोन गोष्टी केल्या. लिंक त्याच भागावर नेली, ते वर सांगितलंच, आणि वर्णनात एक ओळ टाकली: ‘सत्र जुलै २०२० चं. औषधांच्या शिफारशी त्या वेळच्या आहेत, युरोपमध्ये मॅन्कोझेबची मंजुरी त्यानंतर संपली, सध्याच्या शिफारशींसाठी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी पाहावी.’ मला विचाराल तर ही टीप व्हिडिओपेक्षा जास्त बोलते, कारण त्यातून दिसतं की माणूस अजून विषयात आहे. तुमचं क्षेत्र करांचं असो, सॉफ्टवेअरचं असो, औषधांचं असो, तीन वर्षांहून जुनं भाषण लावताना स्वतः एकदा पूर्ण ऐका, काय बदललंय ते लिहा, आणि गाभाच बदलला असेल तर काढा.

बंद दारामागच्या ट्रेनिंगा आणि कंपनीचा मेळावा

आता ते तीन राहिलेले. निर्यातदार कंपन्यांच्या आतल्या ट्रेनिंगा ताईच्या हिशोबानं तिचं सर्वात चांगलं काम, पण तिथं करारात गोपनीयतेचं कलम होतं. अशा वेळी लोक एक तर नाव टाकून मोकळे होतात किंवा घाबरून काहीच लिहीत नाहीत. मधला रस्ता आहे, नाव गाळून काम लिहायचं: ‘दोन द्राक्ष निर्यातदार कंपन्यांच्या फील्ड स्टाफसाठी अंतर्गत प्रशिक्षण, काढणीपूर्व कालावधीच्या नोंदी, प्रत्येकी एक दिवस.’ आणि त्याआधी दोन्हीकडे एक मेल, असं लिहिलं तर चालेल का. एका कंपनीनं हो म्हटलं, वर स्वतःहून नाव टाकायलाही परवानगी दिली. दुसरीनं उत्तर दिलं नाही, तिचं नाव अर्थातच नाही. नाव नसलेल्या ओळीला पुरावा जोडता येत नाही म्हणून ती यादीत सगळ्यात खाली ठेवली, वरच्या ओळी पडताळता आल्या की खालच्या एका ओळीवर वाचणारा विश्वास ठेवतो.

औषध कंपनीच्या मेळाव्यावर आमचा थोडा वाद झाला. ताई म्हणे, मी त्यांच्या प्रॉडक्टबद्दल एक शब्द बोलले नाही, नुसतं रोगाचं चक्र समजावलं. खरं असेल, आहेच. पण मानधन आणि गाडीचा खर्च कंपनीनं दिला होता, मागे बॅनरवर त्यांच्या औषधाची बाटली होती. निष्पक्ष सल्लागार म्हणून जिचं नाव आहे तिनं हे लपवलं आणि नंतर कोणी फोटो दाखवला तर ते वाईट दिसतं. शेवटी ओळ ठेवली आणि शेवटी जोडलं ‘मानधन आयोजक कंपनीकडून’. तीन शब्द. फोटो मात्र बाटलीचा बॅनर असलेला लावला नाही, पत्रिका लावली.

नोकरीत असाल तर आणखी एक, तुमच्या कंपनीला विचारल्याशिवाय त्यांच्या नावानं दिलेल्या भाषणाच्या स्लाइड चढवू नका, त्यावर हक्क बहुतेक वेळा कंपनीचा असतो.

शेवटी काय राहिलं

२३ ओळींच्या जागी ६. पहिली रेसिड्यूचं पॅनल, मग डाऊनीचा २०२० चा वेबिनार टिपेसह, मग बाकीचे दोन वेबिनार एका ओळीत कारण विषय एकच होता, मग कॉलेजची दोन्ही व्याख्यानं, मग कंपनीचा मेळावा, आणि शेवटी अंतर्गत प्रशिक्षण. `About` मध्ये सगळ्या भाषणांची यादी परत लिहिली नाही, एकच वाक्य टाकलं, ‘निर्यातक्षम द्राक्षातील रोगनियंत्रण आणि उर्वरित अंश या विषयांवर बागायतदार आणि पॅकहाउसच्या कर्मचाऱ्यांसमोर मराठीत बोलते, निवडक सत्रं खाली.’

शिफारस मागायची राहिली होती. पॅनलच्या आयोजकांना ताईनं नुसतं ‘शिफारस द्या’ न म्हणता लिहिलं की सर, त्या दिवशी मी काय सांगितलं आणि त्यानंतर तुमच्या सभासदांनी काय विचारलं एवढं दोन ओळीत लिहाल का. त्यांनी लिहिलं की कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये पाऊण तास लोक ताईंना फवारणीच्या वह्या दाखवत उभे होते.

आता दर भाषणानंतर ती दोन दिवसांत शीट भरते, फाइली फोल्डरमध्ये टाकते, आणि वर्षातून दोनदा, खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी, सगळ्या लिंका उघडून बघते. एप्रिलमध्ये बघितलं तेव्हा कॉलेजच्या व्याख्यानाची लिंक मेली होती, वेबसाइट नवीन केली होती त्यांनी. पत्रिकेची पीडीएफ फोल्डरमध्ये होतीच, पाच मिनिटांत लिंकच्या जागी ती लावली.

तुमच्या यादीतली एखादी ओळ कुठे टाकावी कळत नसेल तर खाली लिहा, फक्त पत्रिकेत तुमच्या नावापुढे नेमका कुठला शब्द छापलाय ते आधी बघून सांगा.